दोन नंबरचा सभासद एकशे बाराव्या ओळीवर

निपाणीजवळच्या एका गावात दूध संस्थेचा दहा दिवसांचा पगार वाटायचा होता. नवीन प्रोग्राम बसवून दोनच आठवडे झाले होते. यादीचा प्रिंट टेबलावर, सेक्रेटरी खुर्चीत, आणि बाहेर किटल्या घेऊन रांग. पहिल्या क्रमांकाच्या सभासदाचे पैसे दिले, दुसऱ्याला हाक मारायला गेले तर पुढचं नाव दहा नंबरच्या सभासदाचं. त्यानंतर शंभर. त्यानंतर एकशे एक.

रांगेत दुसरे उभे होते दोन नंबरचे अज्जा. संस्था निघाली तेव्हापासूनचे. त्यांनी काठी टेकली आणि म्हणाले, "आरं, माझं नाव काढलासा काय? का मेलो म्हणून लिवलंयसा?"

नाव काढलेलं नव्हतं. ते तिसऱ्या पानावर, वरून बत्तिसाव्या ओळीत होतं. एका पानावर ४० ओळी, म्हणजे अज्जा ११२व्या ओळीवर जाऊन बसले होते. त्या दिवशी मला फोन आला, कारण अशा संस्थांचे हिशेब संगणकावर चढवून द्यायचं काम मी करतो. प्रोग्राम मात्र मी लिहिलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

हा घोटाळा तुम्हीही पाहिला असेल. मुलांच्या निकालात हजेरी क्रमांक १, १०, ११, १२, २ असे लागतात, नाहीतर घरपट्टीच्या यादीत घर नंबर ९९ सगळ्यात शेवटी जातो. बघणारा म्हणतो, "कॉम्प्युटरला एवढं पण कळत नाही?" कळतं. फक्त आपण त्याला जे दिलं ते आकडे नव्हते, आकड्यांची चित्रं होती.

## पाटी आणि काटा

उसाच्या हंगामात कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टरची रांग लागते. प्रत्येक ट्रॅक्टरला दोन आकडे असतात. एक पुढच्या पाटीवरचा, केए २३ आणि पुढे चार अंक. दुसरा काट्यावर उमटणारा, म्हणजे वजन. दोन्हीत अंकच आहेत, पण पाटीवरच्या ४५०० ला १२०० पेक्षा 'जास्त' म्हणण्यात काही अर्थ नाही. ती ओळख आहे. काट्यावरचं ४५०० मात्र खरंच १२०० पेक्षा जड आहे.

संगणकातही प्रत्येक रकान्यात हा फरक असतो. त्याला टाइप म्हणतात. रकाना टेक्स्ट असेल तर त्यातली अक्षरं ही पाटी. रकाना नंबर असेल तर त्यातलं मूल्य काट्यावर चढतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

पाट्या क्रमाने लावायला सांगितलं तर संगणक शब्दकोशासारखं काम करतो. 'कमळ' आधी की 'खण' आधी? आपण पहिलं अक्षर बघतो, क आधी येतो, संपला विषय. शब्द किती लांब आहे ते बघत नाही. 'कलमेश्वर' कितीही लांब असला तरी 'खण'च्या आधीच. आता हेच १० आणि २ यांना लावा. पहिलं अक्षर १, इकडे पहिलं अक्षर २. एक आधी येतो, म्हणून १० आधी. पुढच्या शून्याकडे ढुंकूनही बघायचं कारण नाही. पहिली अक्षरं सारखी निघाली तरच दुसरं बघायचं, आणि एखादी पाटी मध्येच संपली तर तिला आधी बसवायचं, म्हणून १ नंतर १० आणि १० नंतर १००.

त्या संस्थेत २१४ सभासद आहेत. त्यांत १ या अंकाने सुरू होणारे क्रमांक मोजा: १ स्वतः, मग १० ते १९ हे दहा, मग १०० ते १९९ हे शंभर. एकूण १११. हे सगळे संपल्याशिवाय २ येऊच शकत नाही, म्हणून अज्जा ११२वे. तीन नंबरचा सभासद गेला १३८व्या ओळीवर, कारण मध्ये २ ने सुरू होणारे २६ जण. आणि सगळ्यात शेवटच्या ओळीवर कोण? २१४ नव्हे. ९९.

## नुसता क्रम चुकला, पैसे तर बरोबर आहेत ना?

सेक्रेटरींचं हेच म्हणणं होतं. यादी शोधत बसायला लागतं एवढंच, रक्कम चुकलेली नाही, मग पुढच्या महिन्यात करू दुरुस्त. मी त्यांना शेवटच्या ओळीवरचा ९९ दाखवला आणि विचारलं, "अण्णा, मधल्या काळात नवीन सभासद कोणी घेतलाय काय?"

घेतला होता. प्रोग्राम नव्या सभासदाला क्रमांक आपोआप देतो. कसा देतो? आतापर्यंतचा सगळ्यात मोठा क्रमांक शोधायचा आणि त्यात एक मिळवायचा. पण रकाना टेक्स्ट असल्यामुळे 'सगळ्यात मोठा' म्हणजे शब्दकोशात शेवटी येणारा. तो ९९. त्यात एक मिळवला, झाले १००. आणि १०० नंबरवर गावातलंच एक घर वीस वर्षांपासून दूध घालत होतं.

चार दिवस दोन घरांचं दूध एकाच क्रमांकावर जमा होत होतं. प्रोग्रामने हू की चू केलं नाही, कारण एक क्रमांक दोनदा येऊ नये अशी अटच त्यात घातलेली नव्हती. लिहिणाऱ्याने तो तपासला असेल तर पाच-सहा नावं घालून तपासला असेल. नऊपर्यंत टेक्स्ट आणि नंबर यांचा क्रम तंतोतंत एकच असतो. दहावा सभासद आला की फरक दिसायला लागतो. म्हणून मी आता कुठलाही प्रोग्राम बघताना पहिल्यांदा २, १० आणि १०० हे तीन क्रमांक घालतो. पाच मिनिटांचं काम आहे.

तुलनेचंही तसंच. त्याच प्रोग्राममध्ये 'म्हशीचं दूध, फॅट ६ च्या खाली' असा एक रिपोर्ट होता. त्यात १०.१ फॅट लागलेली एक म्हैस आली होती! व्यायच्या आधी आटत आलेल्या म्हशीचं फॅट असं वर जातं, ते गवळ्याला ठाऊक असतं. संगणकाने मात्र "10.1" आणि "6.0" यांची पहिली अक्षरं बघितली, १ आणि ६, आणि म्हशीला कमी फॅटवाल्यांत ढकललं.

म्हणजे टेक्स्ट म्हणून ठेवलेल्या आकड्यावर तीन कामं बिघडतात: क्रम लावणं, मोठं-लहान ठरवणं, बेरीज करणं. पहिलं डोळ्यांना दिसतं. उरलेली दोन दिसत नाहीत.

## आकडे टेक्स्ट झालेच कसे?

मुद्दाम कोणी करत नाही. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात माहिती नेताना बहुतेक वेळा सीएसव्ही फाइल वापरतात. ती म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. त्यात 'हा रकाना नंबर आहे' असं कुठेही लिहिलेलं नसतं, वाचणाऱ्याने ठरवायचं. त्या प्रोग्रामने सगळंच टेक्स्ट ठरवलं.

एक्सेलमध्ये वेगळ्या वाटेने तेच होतं. रकाना आधीच टेक्स्ट केलेला असतो, किंवा कोणीतरी आकड्याआधी अपोस्ट्रॉफी दिलेली असते, किंवा वेबपानावरून कॉपी केलेल्या आकड्याला न दिसणारी रिकामी जागा चिकटून येते. ओळखायची खूण सोपी: आपण हाताने डावं-उजवं काही केलेलं नसेल तर नंबर खणाच्या उजव्या कडेला चिकटतो आणि टेक्स्ट डाव्या. पुष्कळदा खणाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही दिसतो. लोक तो नक्षी समजून सोडून देतात. तो एक्सेल सांगत असतो की इथे आकडा टेक्स्ट म्हणून ठेवलाय.

## माझ्या फोल्डरमध्ये फाइली तर बरोबर लागतात

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. "पावती 2" आणि "पावती 10" अशा दोन फाइली विंडोजच्या फोल्डरमध्ये ठेवा, २ आधी येते. मग नावं टेक्स्ट असून हे कसं?

फोल्डर दाखवणारा प्रोग्राम नावातले लागोपाठचे अंक एकत्र धरून त्यांची संख्या म्हणून तुलना करतो. माणसाला सोयीचं म्हणून मुद्दाम तशी सोय केली आहे. पण ती त्या खिडकीपुरती. त्याच फाइलींची नावं दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेली की पुन्हा शब्दकोश. उलट टोकाचंही उदाहरण आहे. वेबपानं ज्या जावास्क्रिप्ट भाषेवर चालतात तिच्यात खरे नंबर दिले तरी साधी सॉर्ट आज्ञा त्यांना आधी टेक्स्ट करते आणि मग क्रम लावते:

```
[10, 2, 1].sort()                  // 1, 10, 2
[10, 2, 1].sort((a, b) => a - b)   // 1, 2, 10
```

दुसऱ्या ओळीत 'वजाबाकी करून बघ' असं सांगितलंय, म्हणजे काट्यावर चढव.

## पुढे शून्यं लावली की झालं ना?

००१, ००२, ०१० असं लिहिलं तर शब्दकोशाच्या पद्धतीनेही क्रम बरोबर येतो, कारण सगळ्या पाट्या सारख्याच लांबीच्या होतात. पावती पुस्तकांवर हेच असतं, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त आधी ठरवायला लागतं की संस्था कधी ९९९ च्या पुढे जाणार नाही. गेली तर १००० हा १०१ च्या आधी जाऊन बसेल आणि पुन्हा तोच फोन येईल. शिवाय बेरजेचं दुखणं कायम राहतं ते राहतंच.

## मग करा सगळे नंबर, त्यात काय?

इथे खरी गोम आहे. टेक्स्टचा नंबर करणं म्हणजे पाटी काढून काट्यावर ठेवणं. पाटीवर जे लिहिलंय ते आकडाच आहे याची खात्री नसेल तर काय करायचं, याबाबत वेगवेगळ्या प्रोग्रामांच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक स्वभाव कडक मास्तरांचा. एकही खण चुकीचा दिसला की काम थांबवतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस असाच आहे, २१४ ओळींत एक "500/-" निघाला की सगळा रिपोर्ट बंद. चिडायला होतं, पण तो खोटं बोलत नाही. दुसरा स्वभाव भिडस्त पाहुण्याचा, ताटात येईल ते गिळतो. मोबाइलमध्ये आणि लहान प्रोग्राममध्ये असणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस बघा:

```
SELECT CAST('500/-' AS INTEGER);    -- 500
SELECT CAST('1,200' AS INTEGER);    -- 1
SELECT CAST('रु. 1000' AS INTEGER);  -- 0
```

सुरुवातीचे अंक जमतील तेवढे घेतो, पहिलं अनोळखी अक्षर आलं की थांबतो. बाराशेचा एक रुपया झाला, हजाराचा शून्य झाला, आणि कुठेही तक्रार नाही. पहिल्या ओळीत उत्तर बरोबर आलं हे सगळ्यात घातक, कारण तेवढ्यावर माणूस विश्वास टाकतो.

सुरक्षित रूपांतर म्हणजे या दोघांच्या मधला मार्ग. जे नक्की आकडे आहेत ते आकडे करायचे, जे नाहीत त्यांना शून्य न करता वेगळं काढून माणसासमोर ठेवायचं. आणि मूळ रकाना पुसायचा नाही, शेजारी नवा घ्यायचा.

## शेअर रकमेचा रकाना

हे प्रत्यक्षात कसं होतं ते त्याच संस्थेच्या जुन्या एक्सेल फाइलवर दाखवतो. नवीन प्रोग्राममध्ये चढवण्याआधी मी शेअर रकमेचा रकाना तपासला, कारण सेक्रेटरी म्हणाले होते की रजिस्टरची बेरीज फाइलच्या बेरजेपेक्षा १२,००० रुपयांनी जास्त येते आणि ती का, हे दोन वर्षं कोणालाच कळलेलं नाही.

रकाना डी, दुसऱ्या ओळीपासून २१५व्या ओळीपर्यंत. आधी तीन सूत्रं:

```
=ROWS(D2:D215)      214
=COUNTA(D2:D215)    210
=COUNT(D2:D215)     196
```

पहिलं ओळी मोजतं. दुसरं, ज्यात काहीतरी लिहिलंय असे खण. तिसरं, ज्यात खरा नंबर आहे असेच. म्हणजे ४ खण रिकामे आणि १४ खणांत आकड्यासारखं काहीतरी, पण आकडा नाही. एक्सेलची बेरीज अशा टेक्स्टला वगळून पुढे जाते. चूक दाखवत नाही, नुसती वगळते. दोन वर्षं त्या १४ खणांवरून बेरीज उडी मारून जात होती.

मग शेजारच्या रकान्यात हे सूत्र घातलं आणि खालपर्यंत ओढलं:

```
=IF(TRIM(D2)="","रिकामं",IFERROR(VALUE(TRIM(D2)),"तपासा"))
```

वाचायला सोपं आहे. कडेच्या मोकळ्या जागा काढून खण रिकामा आहे का बघ, असेल तर तसं लिही. नसेल तर आकडा करून बघ. जमलं नाही तर 'तपासा' लिही. शून्य कुठेही नाही, हे महत्त्वाचं.

'तपासा' असे १४ खण आले. आठांत "500/-" होतं, आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तिघांत "रु. 1000". एकात "1O00", त्यात दुसरं अक्षर शून्य नव्हे, इंग्रजी ओ. आणि दोन खण दिसायला अगदी स्वच्छ, "1500". त्यांच्यावर मी पंधरा मिनिटं घालवली. शेवटी लांबी मोजली, `LEN` ने चारऐवजी पाच सांगितलं. वेबपानावरून आलेली न तुटणारी मोकळी जागा शेवटी चिकटली होती, आणि `TRIM` तिला हात लावत नाही. ती अशी काढायला लागते:

```
=SUBSTITUTE(D2,UNICHAR(160),"")
```

"/-" आणि "रु." मी एका झटक्यात काढले, कारण त्यांचा अर्थ एकच निघतो. ओ मात्र रजिस्टर उघडून हाताने दुरुस्त केला. 'ओ दिसला की शून्य कर' असा नियम लिहायला दोन मिनिटं लागतात, पण तो नियम उद्या भलत्या खणातही लागू होईल. अंदाजाने केलेली दुरुस्ती आणि पुराव्याने केलेली दुरुस्ती या फाइलीत सारख्याच दिसतात, म्हणून मी अंदाजाच्या वाटेला जात नाही.

आठ पाचशे म्हणजे ४,०००, तीन हजार म्हणजे ३,०००, ओ वाला १,०००, दोन पंधराशे म्हणजे ३,०००. एकूण ११,००० रुपये परत मिळाले. रजिस्टरशी अजून १,००० चा फरक. तो होता त्या चार रिकाम्या खणांत. दोघांनी खरंच शेअर भरलेला नव्हता. बाकी दोघांच्या नावापुढे पावसात भिजून शाई पसरली होती, टाइप करणाऱ्या पोराला वाचता आलं नाही म्हणून त्याने सोडलं होतं. पावत्या काढल्या, प्रत्येकी ५०० निघाले. मी चारही रिकाम्या खणांत शून्य भरलं असतं तर हे दोघे कायमचे बिनशेअरचे ठरले असते. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांना हिशेबात एकच खूण देऊन चालत नाही.

## कुठल्या आकड्याला हातच लावू नये

एक कसोटी सांगतो: या आकड्यांची बेरीज केली तर काही अर्थ निघतो का? दोन सभासदांच्या बँक खाते क्रमांकांची बेरीज कोण करेल? निपाणीच्या ५९१२३७ या पिनकोडात खानापूरचा ५९१३०२ मिळवून काय येणार? या पाट्याच आहेत, टेक्स्टच राहू द्या.

नंबर केले तर नुकसान होतं आणि ते भरून निघत नाही. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. एक्सेल नंबराचे १५ अंकच धरून ठेवतो, १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. बारा अंकी आधार क्रमांक साध्या खणात टाकला की मध्ये E घातलेलं काहीतरी विचित्र दिसायला लागतं. तिथे निदान आकडा आत शाबूत असतो, १६ अंकीच्या बाबतीत तोही नसतो.

सभासद क्रमांक मधल्या जातीचा. बेरीज करायची नाही, पण क्रम मात्र संख्येसारखाच हवा. म्हणून मूळ पाटी टेक्स्ट ठेवायची आणि क्रम लावण्यापुरता शेजारी एक नंबरचा रकाना करायचा. वारसांत फूट पडून '४५अ', '४५ब' असे क्रमांक झालेत अशा संस्थांत तर हाच उपाय चालतो: एका रकान्यात ४५, दुसऱ्यात अ किंवा ब, आधी पहिल्यावर क्रम, मग दुसऱ्यावर.

जमिनीच्या उताऱ्याचं प्रकरण याहून नाजूक. सर्व्हे नंबर १०/२ एक्सेलमध्ये टाइप केला की तो १० फेब्रुवारी होतो. आपल्याकडची ही डोकेदुखी जगभर आहे. जीवशास्त्रातल्या काही जनुकांची नावं एक्सेल तारखा समजत होता, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने ती जनुकांचीच नावं बदलली. आपण सर्व्हे नंबर बदलू शकत नाही, म्हणून टाइप करण्याआधी रकाना टेक्स्ट करायचा. नंतर करून उपयोग नाही, तोवर आत ४५६९८ सारखा तारखेचा आकडा बसलेला असतो आणि मूळ १०/२ गेलेलं असतं. वरचं `VALUE` चं सूत्रही "10/2" ला खुशाल तारीख समजतं, म्हणून ते रकमेच्या रकान्यापुरतंच वापरा.

आणि क्षेत्र. उताऱ्यावर २.१० म्हणजे दोन एकर दहा गुंठे. हा दशांश नव्हे, कारण एकराचे गुंठे ४० असतात. नंबर केला की २.१० चा २.१ होतो आणि वाचणारा दोन एकर एक गुंठा समजतो. दोन तुकड्यांची बेरीज करा, २.१० आणि १.३५. संगणक ३.४५ सांगेल. खरं उत्तर चार एकर पाच गुंठे. इथे टेक्स्टही चूक आणि सरळ नंबरही चूक. टिंबावर तोडून एकर आणि गुंठे वेगळे घ्यायचे, एकराला ४० ने गुणून सगळं गुंठ्यांत आणायचं, मग काय हवं ते करा. २.१० चे ९० गुंठे, १.३५ चे ७५, मिळून १६५, म्हणजे चार एकर पाच गुंठे.

## तीन लिप्यांतला दहा

हे दुखणं खास आपल्या सीमाभागाचं. एकाच फाइलीत मराठी अंक, कन्नड अंक आणि इंग्रजी अंक सापडतात, कारण टाइप करणारा एक मराठी शाळेचा, दुसरा कन्नड शाळेचा आणि बँकेचा कागद इंग्रजी. माणसाला तिन्ही दहा एकच. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो: इंग्रजी शून्य ४८वा, देवनागरी शून्य २४०६वा, कन्नड शून्य ३३०२वा. नुसत्या या क्रमांकांवर क्रम लावला तर आधी सगळे इंग्रजी अंकवाले, मग सगळे मराठी, मग सगळे कन्नड. मराठी १ हा इंग्रजी ९९९ च्या नंतर येतो!

रूपांतरही ज्याच्या-त्याच्या मर्जीने. पायथॉन भाषा तिन्ही समजते:

```
int("10")   # 10
int("१०")   # 10
int("೧೦")   # 10
```

जावास्क्रिप्ट मराठी दहा बघून 'हा नंबर नाही' म्हणते. एसक्यूलाइट त्याचं शून्य करतो, गुपचूप. म्हणून अशी फाइल आली की क्रम, बेरीज वगैरे काहीही करायच्या आधी सगळे अंक इंग्रजी करून घ्यायचे. दहा मराठी आणि दहा कन्नड अंकांसाठी 'शोधा आणि बदला' वीस वेळा चालवलं तरी पुरतं. छापताना पुन्हा मराठीत दाखवता येतात, ते फक्त रूप आहे.

## अज्जांची ओळ

प्रोग्रामवाल्याने शेवटी एकच ओळ बदलली. सभासद क्रमांकात अक्षरं नव्हती, म्हणून काम सोपं होतं:

```
ORDER BY CAST(sabhasad_no AS INTEGER)
```

नवा क्रमांक देतानाही तेच `CAST` आधी लावून मग मोठ्यात मोठा शोधायचा, आणि एक क्रमांक दोनदा येऊ नये ही अट डेटाबेसमध्येच घालायची, हे मी त्याच्याकडून लिहून घेतलं.

१०० नंबरचा गुंता मात्र संगणकाने सुटला नाही. चार दिवसांच्या आठ वेळच्या दुधाच्या चिठ्ठ्या दोन्ही घरांनी जपून ठेवल्या होत्या म्हणून बरं. एका घरचं दूध म्हशीचं, दुसऱ्याचं गाईचं, फॅटवरूनच वेगळं काढता आलं. नव्या सभासदाला २१५ नंबर मिळाला. पुढच्या पगाराला अज्जा आले, पहिल्या पानावर दुसऱ्या ओळीत बोट ठेवलं, आणि सही करायच्या आधी खालच्या तीन नंबरचं नावही वाचून घेतलं.